यल्लव्वा होसमनीचं नाव

मेळावा अकराला सुरू व्हायचा होता आणि पावणेअकरा झाले तरी दीप्तीच्या पडद्यावरची शीर्षकाची चौकट कोरीच होती. दसरा चौकाजवळच्या त्या सभागृहात तिनं व्यासपीठाच्या डाव्या अंगाला टेबल मिळवलं होतं. कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला जोडली, शेजारच्या ऑफिसातून इंटरनेटची वायर खिडकीतून आत ओढून घेतली, आवाज तपासला. राहिलं होतं ते फक्त नाव.

"भाग्यश्रीताई, नाव सांगा की. नाव घातल्याशिवाय ही साइट पुढं जाऊ देत न्हाई."

भाग्यश्रीताई संघटनेच्या. वीस वर्षं सीमेवरच्या गावांतून देवदासी बायकांना जमवत फिरलेल्या. गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर, कुठल्या गल्लीत कोण राहते ते त्यांना तोंडपाठ. त्यांनी वहीत काढून आणलेलं नाव वाचून दाखवलं. ते चार ओळींचं होतं. त्यात परिषद होती, संघर्ष होता, आणि तीन पाहुण्यांची नावं होती.

"एवढं मावत न्हाई. आणि आत्ता कोण बघणारेत? तुम्ही ज्यांना लिंक पाठवली तेच. त्यांना एवढंच कळायला पायजे की आपण बरोबर ठिकाणी आलोय आणि हे आत्ता चाललंय. बाकीचं नंतर."

"नंतर म्हणजे?"

"संपलं की रेकॉर्डिंग तिथंच राहतं. मग त्याचं नाव बदलता येतं, माहिती घालता येते. लोकांनी शोधलं तर सापडंल असं करायचं. ते काम येगळं."

दीप्तीनं टंकलं : 'देवदासी भगिनींचा मेळावा, कोल्हापूर – थेट'. खाली माहितीत तारीख आणि सभागृहाचं नाव. शोधशब्दांची चौकट तिनं रिकामीच ठेवली. तेवढा वेळ नव्हता. अकराला पाच मिनिटं असताना तिनं बटण दाबलं.

साल २००९. दीप्ती मूळची गारगोटीची, बी.कॉम. झालेली, एकोणतीस वर्षांची. राजारामपुरीत एका फोटो स्टुडिओच्या माडीवर बसून ती परगावच्या नातेवाइकांसाठी लग्नं आणि साठी-शांती इंटरनेटवर थेट दाखवायची. स्टुडिओचे मालक गोमटेशभाई लग्नांच्या मागे असत; सभासंमेलनं दीप्तीच्या गळ्यात. तिला ती आवडायची. तिचे आजोबा आंबेडकरी चळवळीतले, छप्पन साली दीक्षा घेऊन आलेले. सभेत माणसं बोलली की घरी चर्चा व्हायची, आणि चार दिवसांनी कोण काय बोललं ते कुणालाच आठवायचं नाही. आता बोललेलं राहतं, याचं तिला खरोखरीच अप्रूप होतं.

त्या दिवशी बघणारे होते एकतीस. पाहुण्यांची भाषणं चालली तशी संख्या एकोणीसवर आली. मग भाग्यश्रीताईंनी विचारलं, "बायकांपैकी कुणाला बोलायचंय?" तिसऱ्या रांगेतून एक साठीची बाई उठली. ताठ बांध्याची, हिरवं लुगडं, कपाळावर भंडाऱ्याचा पुसटसा पिवळा पट्टा. माईक हातात घ्यायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्याची तिला गरजही नव्हती.

"मी यल्लव्वा होसमनी. सात वर्साची हुतो तवा देवीच्या नावानं गळ्यात मोती बांधलं. मला वाटलं, नवीन लुगडं मिळालं म्हंजे सण हाय. सण न्हवता त्यो."

यल्लव्वा बोलत राहिली. ज्यानं तिला ठेवली त्याचं नाव तिनं घेतलं नाही. "त्यो" एवढंच म्हणाली. त्यो मेला तेव्हा तिला मयताला जाऊ दिलं नाही. पोटात पोर होतं. लेक झाली. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, हिलाही देवीला सोड. यल्लव्वा लेकीला घेऊन रातोरात नाही, भर दिवसा बाजारपेठेतून एस.टी. स्टँडवर चालत गेली, सगळ्यांनी बघावं म्हणून.

"शाळेत मास्तर म्हनला, बापाचं नाव सांग. मी म्हनलं, माझं लिव्ह. तर म्हनला, न्हाई चालत. मी म्हनलं, मग तुझं लिव्ह!" बायका हसल्या, टाळ्या पडल्या. "लिवलं की त्यानं गुमान. साक्षी यल्लव्वा होसमनी. आज माझी साक्षी नर्स हाय, हितंच कोल्हापुरात. ह्यो माझा पेन्शनचा कागुद बघा, आन सरकारला इचारा की मी कुनाची बायको म्हनून सही करू."

दीप्तीनं आकड्याकडं बघितलं. एकशे बारा. एकमेकांना फोन करून लोक येत होते.

मेळावा उठल्यावर यल्लव्वा स्वतःच टेबलापाशी आली. "ह्यात गेलं काय गं मी बोललेलं?"

"गेलं की मावशी. आता ते राहतंय."

"कुठं राहतंय?"

दीप्तीनं सांगायचा प्रयत्न केला. दूर एका मोठ्या मशिनीत राहतं, कुणीही कुठूनही बघू शकतं, पण शोधायला शब्द लागतो. शब्द नसला तर असून नसल्यासारखं.

"मग माझं नाव घाल."

"घालू? सगळं नाव?"

"सगळं घाल. माझ्या नावानं मला कोन हाक मारत न्हाई गं. जोगतीन म्हनत्यात, न्हाईतर साक्षीची आई. लपवून काय ऱ्हायलंय माझं?"

शेजारी भाग्यश्रीताई उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "घाल दीप्ती," त्या म्हणाल्या.

आणि दीप्तीनं घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं निवांत बसून काम केलं. साइटनं रेकॉर्डिंगला थेट कार्यक्रमाचंच नाव देऊन पुढं तारीख आणि वेळ चिकटवली होती. 'थेट' हा शब्द आता खोटा होता, तो तिनं आधी काढला. 'मेळावा' लिहून कोण शोधणार? लोक माणसाला शोधतात, गावाला शोधतात, आणि इंग्रजी अक्षरांत शोधतात. मराठीत टंकता येणारे किती? म्हणून तिनं नवं शीर्षक केलं : 'Yallavva Hosmani, Devadasi, Kolhapur – यल्लव्वा होसमनी : देवदासी मातेचं भाषण'. खाली माहितीत वेळा लिहिल्या, म्हणजे बघणाऱ्याला पाहुण्यांची तासभर भाषणं ओलांडून थेट तिथं जाता येईल. एक तास चार मिनिटं : यल्लव्वा बोलायला उठतात. एक तास नऊ : मुलगी साक्षी होसमनी, नर्स, हिच्या शाळेचा प्रसंग. शोधशब्दांत देवदासी, जोगतीण, निपाणी, गडहिंग्लज, आणि नावांची दोन-तीन स्पेलिंगं, कारण कुणी एक व्ही लिहील, कुणी दोन.

तिनं ते जपून केलं होतं, हातानं मोत्यांची माळ ओवावी तसं. चौथ्या दिवशी तिनं गुगलवर यल्लव्वाचं नाव टाकलं. पहिलाच निकाल. होसमनी आडनावाची माणसं पुष्कळ, पण या नावाची बाई इंटरनेटवर दुसरी नव्हतीच. दीप्तीनं तो पडदा गोमटेशभाईंना दाखवला. तेही म्हणाले, "झकास." पुण्यामुंबईहून भाग्यश्रीताईंना फोन आले. बघणाऱ्यांचा आकडा दोन हजारांच्या वर गेला. निपाणीच्या एका कार्यकर्त्यानं आपल्या मोबाइलवर ते भाषण यल्लव्वाला दाखवलं, तर म्हणे ती लाजली आणि म्हणाली, माझा आवाज एवढा घोगरा हाय व्हय?

डिसेंबरात एका सकाळी माडीवर एक मुलगी आली. पांढरा गणवेश, त्यावर स्वेटर, केस घट्ट बांधलेले. राजारामपुरीतल्याच एका दवाखान्यात ती नर्स होती. तिथून चालत पाच मिनिटं. दीप्तीनं तिला याआधी कधी बघितलं नव्हतं, पण यल्लव्वाचाच जबडा बघताच ओळखलं.

"तुम्हीच काय तो व्हिडीओ लावलेला?"

"तुम्ही साक्षी."

"व्हय. त्यातच लिवलंय की तुम्ही. एक तास नऊ मिनिटं."

दीप्तीनं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

साक्षीचं लग्न ठरलं होतं. मुलगा इचलकरंजीचा, प्रसेनजीत, त्याच दवाखान्यात औषधं पुरवायला यायचा. त्याला सगळं माहीत होतं. साक्षीनं पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. त्याच्या घरी मात्र एवढंच सांगितलं होतं की वडील नाहीत, आई गावी असते. त्याचे वडील रिटायर हेडमास्तर, घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब. प्रसेनजीत म्हणायचा, लग्नानंतर मी सांगतो, ते समजून घेतील. पत्रिका छापायला टाकायच्या म्हणून नावांचा कागद त्यांच्याकडं गेला. त्याचा थोरला भाऊ पुण्यात कंप्युटरवर काम करणारा. त्यानं सहज म्हणून कागदावरचं साक्षीच्या आईचं नाव टाकून बघितलं.

"पहिलंच आलं," साक्षी म्हणाली. "आख्ख्या घरानं बसून बघितलं. दोनदा."

"पण अहो, त्यात तर... तुमच्या आईनी जे केलं ते..."

"मला माहिताय माझ्या आईनं काय केलं. मी तिच्या कडेवर हुतो तवा." साक्षीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हेडमास्तर म्हनले, बाई थोर हाय, आमाला आदर हाय. पर सोयरीक म्हंजे चार लोकांचा प्रश्न असतोय."

"आणि प्रसेनजीत?"

"त्यो आता दुसऱ्या भागात औषधं देतोय. त्याच्या जाग्यावर दुसरा मानूस येतो."

खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांचं तुंबळ भांडण चाललं होतं. दीप्ती म्हणाली, "आईंनी स्वतः सांगितलेलं, नाव घाल म्हणून."

"तिचं. माझं कुनी सांगितलेलं?"

मेळाव्यात यल्लव्वानं लेकीचं नाव अभिमानानं घेतलं होतं, शंभर माणसांसमोर. ते हवेत गेलं असतं. वेळेसकट ओळ करून ते दीप्तीनं खिळ्यासारखं ठोकलं होतं, आणि ते ठोकताना तिला एकदाही वाटलं नव्हतं की ही मुलगी इथंच कोल्हापुरात आहे, तिला विचारावं.

"मी काढते. आत्ता, तुमच्यासमोर."

तिनं लॅपटॉप फिरवून साक्षीकडं केला. शीर्षक पुसून पुन्हा 'मेळावा, कोल्हापूर, ऑक्टोबर २००९' केलं. वेळांच्या ओळी काढल्या. शोधशब्द एकेक करून खोडले. जतन केलं. पान नव्यानं उघडून दाखवलं : कुठंही नाव नाही. साक्षी पहिल्यांदा खुर्चीत टेकली. मग तिनं विचारलं, "आता गुगलवर टाका."

दीप्तीनं टाकलं. पहिल्या ओळीत जुनंच शीर्षक, आईचं सगळं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत 'मुलगी साक्षी होसमनी, नर्स'.

"हे काय? पुसलं म्हनला की."

"पान बदललंय. पण गुगलकडं त्यांनी आधी वाचून ठेवलेलं असतं. ते परत येऊन वाचतील तेव्हा बदलेल. आठ दिवस लागतात, कधी महिना."

"आन ही दुसरी ओळ?"

दुसरी ओळ दीप्तीनं तेव्हाच बघितली. कुठल्यातरी परक्या व्हिडीओ साइटनं ते रेकॉर्डिंग उचलून आपल्याकडं लावलं होतं. शीर्षक तिनंच रचलेलं, स्पेलिंगांसकट. वेळाही तिनंच लिहिलेल्या. बाजूला जाहिराती, त्यातल्या काही बघवणार नाहीत अशा, कारण 'देवदासी' या शब्दावर जगभरातून काय काय शोधत लोक येतात हे दीप्तीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खाली प्रतिक्रिया होत्या. साक्षीनं दोन वाचल्या आणि उठली.

"त्यांना पत्र लिहिते मी."

"लिवा," साक्षी म्हणाली आणि जिना उतरून गेली. तिची ड्यूटी होती.

दीप्तीनं पत्रं लिहिली. इंग्रजी तिचं कामापुरतं. भाग्यश्रीताईंनी एका प्राध्यापकाकडून मसुदा करून घेतला. त्या साइटला पत्ता नव्हता, फक्त एक चौकट होती, तीत लिहून पाठवायचं. सात वेळा पाठवलं. गुगललाही कळवलं, तिथून उत्तर आलं की ज्याचं पान आहे त्यानं ते काढावं, मग आम्ही आमच्याकडून काढू. दीप्तीचं स्वतःचं पान पंधरा दिवसांत निकालांतून खाली गेलं आणि मग दिसेनासंच झालं. त्याबरोबर ती परकी साइट पहिल्या क्रमांकावर चढली. नाव काढून दीप्तीनं तिची वाट मोकळी करून दिली होती.

भाग्यश्रीताई एकदा माडीवर आल्या. "मी 'घाल' म्हटलं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं आम्ही बायकांना हेच सांगितलं, नाव घेऊन बोला." दीप्तीनं चहा मागवला. तो गार झाला.

फेब्रुवारीत यल्लव्वा आली. एकटीच, निपाणीहून एस.टी.नं, पत्ता विचारत विचारत. जिना चढून धापा टाकत होती. त्या दिवशीचा ताठपणा कुठं गेला कोण जाणे.

"तंगी," ती म्हणाली. सीमेकडं धाकट्या बहिणीला असं म्हणतात. "मला त्यो दावशील काय एकदा? गावात पोरं म्हनत्यात, तुझं नाव टाकलं की घान येतंय. तुझ्याकडं चांगला हाय न्हवं?"

दीप्तीनं लावून दिला. यल्लव्वा पडद्याच्या इतकी जवळ बसली की तिचा श्वास काचेवर उमटत होता. स्वतःच्या भाषणाशी तिनं थांबवायला सांगितलं नाही; ती दुसऱ्या रांगेतल्या एका बाईकडं बोट दाखवत होती. "ही चिमणाबाई. माझ्या संगं मोती बांधल्याली. संक्रांतीला गेली. फोटू न्हाई तिचा कुनाकडं. हितंच हाय बघ, टाळ्या वाजिवतीया."

शेवटपर्यंत बघून झाल्यावर ती म्हणाली, "आता काढून टाक ह्यो."

"मावशी, ह्यात आता तुमचं नाव न्हाई. हा कुणाला सापडत बी न्हाई. राहू दे की. चिमणाबाई हाईत ह्यात."

"साक्षी म्हनली, सगळं काढ, मगच मी घरी येतो. दिवाळीपासनं आली न्हाई ती. आता फोन बी उचलत न्हाई." यल्लव्वानं पदरानं तोंड पुसलं. "मी तिला म्हनलं, लाज वाटती व्हय गं माझी? तर म्हनली, अव्वा, लाज न्हाई वाटत. दमलो मी. दवाखान्यात नवीन पेशंट आला की मला वाटतंय ह्यानं बघितलं असंल."

"पण दुसरीकडचा राहणार. तो माझ्या हातात न्हाई."

"तुझ्या हातातला तरी काढ."

दीप्तीनं तिला पुन्हा विचारलं. हे परत येत नाही, मूळ टेप गोमटेशभाईंनी लग्नासाठी वापरून टाकली होती, हेही सांगितलं. यल्लव्वानं मान हलवली. दीप्तीनं बटण दाबलं. साइटनं इंग्रजीत विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. पान कोरं झालं.

"गेली?"

"गेलं, मावशी."

"चिमणाबाई गेली म्हनतोय मी."

यल्लव्वानं पिशवीतून शेंगांची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली आणि ती जिन्याकडं निघाली. वाटेत साक्षीच्या दवाखान्यावरून जायचं होतं. दीप्ती तिला सोडायला गेली. दवाखान्याच्या दारात यल्लव्वा उभी राहिली, आत गेली नाही. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, साक्षी सिस्टरनी महिन्यापूर्वीच काम सोडलं, मंगळूरला गेल्या वाटतं, पत्ता दिलेला नाही.

"काढला म्हनून तिला सांगायचं हुतं," यल्लव्वा म्हणाली.

स्टँडवर निपाणीची गाडी लागली होती. दीप्तीनं तिला खिडकीशी बसवून दिलं. माडीवर परतल्यावर तिनं यल्लव्वाकडून घेतलेल्या साक्षीच्या नंबरावर मेसेज लिहिला : काढला आहे. तो पोहोचल्याची खूण आली नाही, त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

पुढच्या वर्षभरात दीप्तीनं ते नाव अधूनमधून टाकून बघितलं. दर वेळी एकच ओळ पहिली यायची, तिच्याच शब्दांत, तिच्याच तीन स्पेलिंगांत. खालचा बघणाऱ्यांचा आकडा वाढत होता.